नोकरीच्या अर्जात रिश्त्याचा बायोडाटा नको

मेहकरकडच्या एका कुटुंबाने मध्यंतरी आम्हाला मुलीचा 'बायोडाटा' दाखवला. मुलगी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, दोन वर्षांपासून शाळेत विज्ञान शिकवते. आता खामगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबसाठी अर्ज करायचा होता. कागदावर सगळ्यात वर जन्मतारीख, उंची, रंग, अब्बांचा व्यवसाय, भाऊ-बहिणी किती. शिक्षण पार तळाला.

कागद वाईट नव्हता. रिश्त्यासाठी अगदी बरोबर, कारण तिथे समोरच्याला खानदान पाहायचे असते. कंपनीला मात्र एवढेच कळायला हवे की हे काम या मुलीला जमेल का. त्यासाठी लागतो तो रेझ्युमे. नव्या उमेदवाराला एक पान पुरते. नाव, मोबाईल, ई-मेल, मग शिक्षण आणि काम, दोन्हींत अलीकडचे आधी. उंची-रंग काढून टाकले आणि जी गोष्ट कागदावर नव्हतीच ती घातली: शाळेची प्रयोगशाळा दोन वर्षे हीच सांभाळत होती.

नावाखालच्या दोन-तीन ओळी म्हणजे समरी. बहुतेक मुले इथे कुठूनतरी उतरवलेले 'माझे ध्येय' टाकतात, त्यातून काहीच कळत नाही. आम्ही लिहिले: "बी.एस्सी. केमिस्ट्री. दोन वर्षे विज्ञान शिकवले आणि शाळेची प्रयोगशाळा सांभाळली. टायट्रेशन आणि द्रावणे तयार करणे येते." ही समरी त्या एका नोकरीपुरती. उद्या शाळेतच अर्ज केला तर शिकवण्याचा अनुभव पुढे येईल, टायट्रेशन मागे जाईल.

प्रोफाईल वेगळे. ते नोकरीच्या साईटवर कायम राहते आणि कंपनीवाले शोधत तिथे येतात. म्हणून त्यात 'केमिस्ट्री', 'लॅब' असे शोधले जाणारे शब्द हवेत, आणि काम बदलले की तेही बदलायला हवे. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. मार्कशीटवर Shaikh, आधारवर Sheikh आणि प्रोफाईलवर तिसरेच काहीतरी. कागदपत्रे तपासताना इथेच गाडी अडते. रेझ्युमे आणि प्रोफाईल, दोन्हीकडे मार्कशीटवरचेच स्पेलिंग ठेवा; आधार वेगळे असेल तर ते वेळेत दुरुस्त करून घ्या.

राहिला बायो. समजा चिखलीच्या एखाद्या शाळेने गॅदरिंगला हिलाच पाहुणी म्हणून बोलावले. सूत्रसंचालक माईकवर जे वाचतो तो बायो. तिथे 'मी' चालत नाही: "त्या मेहकर तालुक्यातल्या, विज्ञान शिकवतात, मुलांकडून स्वतःच्या हाताने प्रयोग करून घेतात." तीन-चार वाक्ये पुरे. टक्केवारी आणि मोबाईल नंबर तिथे कोणी वाचून दाखवत नाही.

नवा रेझ्युमे कंपनीला गेला. जुना कागद अम्मींनी घडी घालून कपाटात ठेवला. तोही लागेलच, म्हणाल्या.