डिपॉझिट अडकलंय पिवळ्या भिंतीत!

रूम सोडायची म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं की मागे एक पांढराशुभ्र चौकोन दिसतो. तोवर सगळ्यांना वाटत असतं, भिंत आधीपासून ‘क्रीम’ कलरचीच होती. घरमालकांना मात्र तो चौकोन बरोबर दिसतो आणि डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापायची भाषा सुरू होते. मग शेवटच्या रविवारी रूममेट्स फडकं, बादली, हाताला लागेल तो क्लीनर घेऊन भिंतीवर तुटून पडतात आणि बऱ्याचदा भिंत आहे त्याहून वाईट करून ठेवतात. कारण पाणी लावण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या असतात, त्या राहून जातात: भिंतीवर नेमकं काय बसलंय आणि भिंतीला रंग कुठला आहे.

समजा, तिघांची दहा बाय दहाची खोली आहे. खिडकीपाशी सिगारेट ओढली जाते आणि तो वास मालकांना येऊ नये म्हणून कोपऱ्यात रोज दोन उदबत्त्या. वास झाकला जातो, पण भिंतीवर एकाऐवजी दोन थर चढतात. सिगारेटचा थर चिकट असतो. ‘निकोटीनचे डाग’ आपण म्हणतो खरं, पण धुरातलं टार आणि निकोटीन मिळून भिंतीवर बसतं आणि हवा लागून हळूहळू पिवळं-तपकिरी होत जातं. उदबत्तीचा थर दोन प्रकारचा असतो: स्टँडच्या वर भिंतीवर कोरडी काळी काजळी आणि बाकी खोलीत, विशेषतः काचेवर, तेलकट धुरकटपणा.

आता रंगाची परीक्षा. कपाटामागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी ओलं गडद रंगाचं फडकं हलकेच घासा. फडक्याला पांढरी पूड लागली तर भिंतीला चुना किंवा साधं डिस्टेंपर आहे. ती भिंत धुवायची नाही. धुतली तर डागासोबत रंगही निघेल आणि ढगांसारखे पॅच उमटतील. फडकं स्वच्छ राहिलं तर बहुधा प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंट आहे, म्हणजे भिंत धुता येईल. तरी त्याच जागी वीतभर भाग धुऊन, पूर्ण वाळू देऊन बघा. चकाकी नसलेलं इमल्शन जोरात घासलं की तेवढाच भाग चमकायला लागतो आणि ती चमक मग जात नाही.

सुरुवात नेहमी काजळीपासून करायची, आणि तीही कोरडी. ओलं फडकं लावलंत की काजळी रंगात मुरते आणि करड्या फराट्या उमटतात. आधी मऊ ब्रशने वरून खाली झटकून घ्या. उरलेली काजळी शिळ्या पावाच्या आतल्या मऊ भागाने टिपा. घासायचं नाही, पाव नुसता दाबून उचलायचा. काळा झाला की दुसरा तुकडा घ्यायचा. ही आयडिया जुनी आहे. अमेरिकेत कोळशाच्या शेगड्यांची काजळी वॉलपेपरवरून काढायला कणकेसारखा गोळा विकत मिळायचा. शेगड्या गेल्या, तसं गिऱ्हाईक कमी झालं आणि १९५६ मध्ये तोच गोळा ‘प्ले-डो’ नावाने मुलांचं खेळणं म्हणून बाजारात आला. डिस्टेंपरच्या भिंतीवरही हा कोरडा उपाय चालतो.

मग चिकट पिवळा थर. त्यासाठी किराणा दुकानात मिळणारा धुण्याचा सोडा घ्या. खायचा सोडा नव्हे, तो फार सौम्य पडतो. पाच लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. हातात रबरी ग्लोव्ह्ज हवेतच. शेजारी साध्या पाण्याची दुसरी बादली ठेवा. स्विचबोर्डजवळ काम असेल तर मेन स्विच बंद करा.

धुवायचं खालून वर! ऐकायला उलटं वाटतं, पण वरून सुरू केलं की सोड्याचे ओघळ खालच्या कोरड्या, मळक्या भिंतीवर उतरतात आणि तिथे पट्टे पडतात. ते नंतर काढणं महाकठीण. खालचा भाग आधीच ओला असला तर ओघळ सहज पुसले जातात. एका वेळी दोन-तीन फूट रुंदीचा पट्टा घ्या, पिळलेल्या स्पंजने सोड्याचं पाणी लावा, मिनिटभर थांबा आणि हलक्या हाताने पुसा. पाणी चहासारखं दिसायला लागलं की बदला. नंतर साध्या पाण्याने वरून खाली दोनदा पुसून घ्या. सोडा भिंतीवर राहिला तर वाळल्यावर पांढरट खार दिसतो आणि पुढचा रंगही नीट धरत नाही.

इथे एक धोका आहे. पिवळं गेलं नाही म्हणून काही जण ब्लीच ओततात, वर व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद खोलीत तो छातीत भरतो. तसंही ब्लीच चिकट थर काढत नाही. ते वापरूच नका.

काचेचं गणित वेगळं. कोरडा पेपर घेऊन घासलं की तेलकट थर फक्त इकडचा तिकडे होतो. आधी कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड लावून थर सोडवा, फडकं दोनदा बदला, साध्या पाण्याने पुसा. मग पाणी आणि पांढरं व्हिनेगर समप्रमाणात घेऊन शेवटचा हात फिरवा आणि सुक्या सुती कापडाने कोरडं करा. ऊन थेट काचेवर असताना हे करू नका, पाणी पुसायच्या आत वाळतं आणि डाग राहतात. आतली बाजू उभी पुसा आणि बाहेरची आडवी. मग रेघ राहिली तर ती कुठल्या बाजूला आहे, हे लगेच कळतं. काचेला काळी फिल्म चिकटवलेली असेल तर ब्लेडने खरवडायचं नाही.

भिंतीचा निकाल दुसऱ्या दिवशी, पूर्ण वाळल्यावर लागतो. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटून तिरका धरा. पिवळट ठिपके पुन्हा वर आले असतील तर आणखी एकदा धुवा. त्यानंतरही आले तर टार रंगाच्या आत मुरलंय. घासून काही होणार नाही.

अशा वेळी घाईघाईने वर पांढरं इमल्शन मारलं जातं. पण त्या रंगात पाणी असतं, ते टार ओढून घेतं आणि थोड्याच दिवसांत नवा पांढरा रंग पुन्हा पिवळा पडतो. आधी डाग अडवणाऱ्या, ऑइल-बेस्ड प्रायमरचा हात द्यावा लागतो. म्हणून मालकांशी बोलताना आधी खोली दाखवा: ‘काका, या तीन भिंती धुऊन निघाल्यात, खिडकीजवळची एकच मुरलीये, तिला प्रायमर लागेल.’ मग बोलणी पूर्ण खोलीच्या रंगकामाची नाही, एका भिंतीची होतात.