वाढीव मर्यादेचे पत्र आणि दिवाळीपर्यंतची उधारी

तेल्हारा तालुक्यातील हिवरखेड आणि भोवतालची गावे यांचा पैसा कपाशीच्या पाठीमागून चालतो. कृषी केंद्राचा दुकानदार बियाणे, खत व औषधे मे-जूनमध्ये भरतो, पेरणीच्या घाईत ती शेतकऱ्यांना उधारीवर देतो, आणि वसुली पहिल्या-दुसऱ्या वेचणीनंतर, म्हणजे कार्तिकात किंवा मार्गशीर्षात, हाती येते. मधले चार-पाच महिने त्याचे भांडवल गिऱ्हाइकांच्या शेतात असते. विक्री वाढली की उधारीही त्याच प्रमाणात वाढते आणि कॅश क्रेडिटची जुनी मर्यादा अपुरी पडू लागते. तेव्हा बँकेला पत्र जाते. बहुतेक पत्रांत ‘व्यवसाय वाढल्यामुळे मर्यादा वाढवून मिळावी’ एवढाच मजकूर असतो. त्यावर शाखाधिकाऱ्याला काहीच ठरविता येत नाही.

असे पत्र कसे उभे करावे, हे एका कल्पित परंतु नेहमीच्या उदाहरणावरून पाहू. दुकानाची सध्याची मर्यादा १२ लाख रुपये आहे. गेल्या तीन वर्षांची विक्री अनुक्रमे ६१, ७० व ८० लाख झाली असून येत्या वर्षी ९० लाखांचा अंदाज आहे. किती मागावे?

लहान उद्योग-व्यवसायांसाठी बँका सहसा उलाढाल पद्धत वापरतात. रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशींतून ती रूढ झाली. अपेक्षित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के इतके खेळते भांडवल लागते असे धरावयाचे, त्यांतील २० टक्के बँकेने द्यावयाचे आणि ५ टक्के मालकाने स्वतःचे घालावयाचे. ९० लाखांवर बँकेचा वाटा १८ लाख येतो आणि मालकाचे साडेचार लाख. तेव्हा मागणी १८ लाखांचीच हवी. ‘मागितले २५ तर मिळतील १८’ हा बाजारातील हिशेब येथे उलटतो. कारण २५ लाख मागणे म्हणजे सव्वा कोटीच्या विक्रीचा दावा करणे, आणि गेल्या तीन वर्षांची चढण त्याला आधार देत नाही.

विक्रीचा आकडा तीन ठिकाणी तपासला जातो: ताळेबंदासोबतचे नफा-तोटा पत्रक, जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेतील खात्यावरील जमा. कृषी केंद्राच्या बाबतीत येथे एक खाच आहे. पेरणीचे बियाणे जीएसटीमुक्त आहे; म्हणून विवरणपत्रातील केवळ करपात्र रक्कम घेतली तर विक्री प्रत्यक्षाहून कमी दिसते. करमुक्त विक्रीचा रकाना मिळवून बेरीज करावी आणि तसे पत्रात एका वाक्यात सांगावे. दुसरी खाच अलीकडची आहे. गल्ल्यावरील क्यूआर कोड पुष्कळदा मालकाच्या दुसऱ्या बँकेतील बचत खात्याला जोडलेला असतो. मग ८० लाखांच्या विक्रीपैकी कॅश क्रेडिट खात्यात ५०-५५ लाखच जमा दिसतात आणि उरलेली विक्री कागदावरची वाटू लागते. अर्ज करण्यापूर्वी निदान एक हंगाम सर्व वसुली याच खात्यातून फिरवावी.

परतफेडीचा इतिहास मांडताना अनेकजण गोंधळतात, कारण कॅश क्रेडिटला हप्ता नसतो. येथे परतफेड दिसते ती खात्याच्या हालचालीत. दरमहा नावे पडलेले व्याज जमेतून भरून निघाले का, खाते मर्यादेपलीकडे किती दिवस होते, किती धनादेश परत गेले, आणि वसुलीच्या दिवसांत बाकी कुठवर खाली आली? जुलैमध्ये १२ लाखांना टेकलेली बाकी जानेवारीत ३ लाखांवर उतरत असेल, तर तो तारखांसह लिहिण्याजोगा पुरावा आहे. बाकी बारमाही काठोकाठ राहत असेल, तर पैसा मालात नसून घरबांधणीत किंवा अन्यत्र अडकला असावा, असा अर्थ अनुभवी अधिकारी काढतो.

परंतु या पत्रातील सर्वांत नाजूक भाग निराळाच आहे. मंजूर मर्यादा आणि प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम या दोन गोष्टी आहेत. दुसरीला बँकेत ड्रॉइंग पॉवर म्हणतात आणि ती दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते. समजा, मालावर २५ टक्के व उधारीवर ४० टक्के मार्जिन आहे. जुलैअखेर दुकानात १८ लाखांचा माल आहे, त्यापैकी कंपन्यांचे ४ लाख देणे आहे. उरलेल्या १४ लाखांवर साडेदहा लाख मिळतात. ९० दिवसांच्या आतील उधारी १५ लाख आहे, तिच्यावर ९ लाख. एकूण साडेएकोणीस लाख. म्हणजे १८ लाखांची मर्यादा पूर्ण वापरता येते.

आता ऑक्टोबरअखेर पाहा. माल ६ लाख, देणे २ लाख, म्हणून त्यावर ३ लाख. उधारी २१ लाख आहे. पण तिच्यातील १५ लाख जून-जुलैचे, ९० दिवस ओलांडलेले. साधारण नियमाप्रमाणे ते हिशेबातून गळतात. उरलेल्या ६ लाखांवर ३ लाख ६० हजार. एकूण ड्रॉइंग पॉवर ६ लाख ६० हजार, आणि खात्यात बाकी मात्र १४ लाख! कापूस अजून बोंडात आहे, गिऱ्हाईक बुडवणारे नाही, तरीही खाते ७ लाख ४० हजारांनी अनियमित ठरते. खाते मर्यादेच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर सतत ९० दिवसांहून अधिक राहिले, तर ते अनुत्पादक वर्गात जाते. पाऊस लांबला किंवा भावाची वाट पाहत कापूस घरातच राहिला, तर हे ९० दिवस भरण्यास वेळ लागत नाही. मर्यादा १२ वरून १८ केल्याने हा धोका कमी होत नाही. उलट अधिक उचल झाल्याने वाढतो.

म्हणून पत्राचा गाभा पुढीलप्रमाणे असावा:

‘महोदय, आमच्या कॅश क्रेडिट खात्याची मर्यादा १२ लाखांवरून १८ लाख करण्याची विनंती आहे. ही रक्कम येत्या वर्षाच्या ९० लाखांच्या अपेक्षित विक्रीच्या २० टक्के आहे. गत तीन वर्षांची विक्री ६१, ७० व ८० लाख असून जीएसटी विवरणपत्रे व ताळेबंद जोडले आहेत. गेल्या बारा महिन्यांत खात्यात ७४ लाख जमा झाले, प्रत्येक महिन्याचे व्याज भरले गेले, आणि जानेवारीत बाकी ३ लाखांपर्यंत उतरली होती. आमची खरीप उधारी कपाशीच्या वेचणीनंतर वसूल होते. गत तीन हंगामांचा वसुलीचा महिनावार तक्ता सोबत आहे. त्याच्या आधारे जून ते डिसेंबर या काळात १८० दिवसांपर्यंतची उधारी ड्रॉइंग पॉवरसाठी ग्राह्य धरावी, ही विनंती.’

शेवटच्या वाक्याने ऑक्टोबरचे गणित बदलते. २१ लाखांच्या उधारीवर १२ लाख ६० हजार आणि मालावरील ३ लाख मिळून १५ लाख ६० हजार होतात. १४ लाखांची बाकी त्यात बसते. अशी सवलत प्रत्येक बँकेच्या धोरणात बसेलच असे नाही. नसल्यास मोसमी मर्यादा मागावी: मे ते नोव्हेंबर अधिक, नंतर कमी. मात्र तिलाही ड्रॉइंग पॉवरचा लगाम असतोच. तेव्हा सप्टेंबरपासून उचल आवरून मालकाने स्वतःचे भांडवल वाढविण्याची तयारी ठेवावी.

हा अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावा, म्हणजे पेरणीपूर्वी छाननी व मंजुरी होऊ शकेल. मंजुरीपत्र हाती आल्यावर रकमेखालील अटींत ‘उधारी किती दिवसांपर्यंत ग्राह्य’ ही ओळ शोधावी. तेथे ९० लिहिलेले आढळले, तर सही करण्यापूर्वीच शाखाधिकाऱ्यांशी बोलावे.