नणंद, जाऊ, दीर : इंग्रजीत नातं नेमकं कसं सांगायचं?

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, नणंदेला इंग्रजीत काय म्हणायचं? सिस्टर-इन-लॉ म्हटलं तर जाऊ आणि भावजयसुद्धा तीच होते." प्रश्न साधा वाटतो, पण तो शब्दकोशाचा नाही, तर्काचा आहे. आजचा सगळा वेळ त्यालाच देऊ.

आधी हे तीन शब्द काय सांगतात ते बघू. नणंद म्हणजे नवऱ्याची बहीण. दीर म्हणजे नवऱ्याचा भाऊ. जाऊ म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको. तिन्ही शब्द नवऱ्यापासून सुरू होतात. म्हणजे प्रत्येक शब्दात एक वाट आहे. नणंदेपर्यंत जायला दोन पावलं लागतात, आधी नवरा, मग त्याची बहीण. जावेपर्यंत तीन : नवरा, त्याचा भाऊ, त्या भावाची बायको. "माझी जाऊ आली" एवढं कुणी म्हटलं की बोलणारी बाई आहे, तिचं लग्न झालेलं आहे आणि तिच्या नवऱ्याला निदान एक लग्न झालेला भाऊ आहे, हे तीन शब्दांत आपल्याला कळतं.

इंग्रजीतल्या सिस्टर-इन-लॉमध्ये ही वाट पुसली जाते. लग्नाच्या नात्यातून जवळची झालेली बहिणीच्या ठिकाणची बाई, एवढंच उरतं. नणंद, जाऊ, भावजय, मेहुणी या चारही जणी त्यात बसतात. कुठल्या दाराने आत आल्या, ते दिसत नाही.

हे 'इन-लॉ' आलं कुठून? इथला 'लॉ' म्हणजे आपल्याला वाटतो तो कोर्टाचा कायदा नव्हे, तो मुळात चर्चचा कायदा. लग्नाने जोडलेल्या कोणकोणत्या नात्यांत पुन्हा लग्न करता येणार नाही, याची चर्चची यादी होती. बायकोची बहीण आणि भावाची बायको दोघीही निषिद्ध, म्हणून दोघी एका नावाखाली. पुढे ब्रिटनमध्ये मृत पत्नीच्या बहिणीशी लग्न करायला 1907 साली आणि मृत भावाच्या विधवेशी करायला 1921 साली कायद्याने परवानगी मिळाली. म्हणजे तो शब्द घरातली जागा सांगायला नव्हे, तर लग्नाची मनाई सांगायला घडला होता. आपण त्याच्याकडून घरातली जागा मागतो, आणि ती त्याच्याकडे नसते.

गंमत अशी की जुन्या इंग्रजीत दिरासाठी स्वतंत्र शब्द होता, 'टाकोर'. तो आणि संस्कृतातला 'देवृ', ज्यातून आपला दीर आला, हे एकाच मुळाचे. नणंदेसाठी संस्कृतात 'ननान्दृ' आहे, जावेसाठी 'यातृ'. लॅटिनमध्येही या तीन नात्यांना तीन वेगळे शब्द होते. तेव्हा इंग्रजांना हे नातं समजतच नाही, असं समजू नका. त्यांचा शब्द गेला, पण नातं आहेच. आणि शब्द नसला की भाषा काय करते? वर्णन करते. 'माय हजबंड्स सिस्टर' हे इंग्रजी बोलणारा माणूस रोज म्हणतो. त्यात ओढूनताणून काही नाही. आपल्यालाच वाटतं की एका शब्दाला एकच शब्द हवा.

आता हे कुठे महत्त्वाचं ठरतं ते पाहू. समजा, सासरच्या छळाची तक्रार आहे. एका बाईचा मराठी जबाब इंग्रजीत न्यायचा आहे. त्यात अशी वाक्यं आहेत : "थोरल्या जावेने माझे दागिने स्वतःच्या कपाटात ठेवले. नणंदेने मला उपाशी ठेवलं. दिराने मध्ये पडून भांडण मिटवलं. रात्री मी भावजयीला फोन करून सगळं सांगितलं."

घाईत केलेलं भाषांतर काय होईल? सिस्टर-इन-लॉने दागिने ठेवले, सिस्टर-इन-लॉने उपाशी ठेवलं, ब्रदर-इन-लॉने भांडण मिटवलं, आणि रात्री सिस्टर-इन-लॉला फोन केला. वाचणाऱ्याला वाटेल की जिने उपाशी ठेवलं, तिलाच रात्री फोन करून हिने सगळं सांगितलं. मग जबाबच खोटा वाटायला लागतो. बाई खोटं बोललेली नाही. तीन बायकांची एक बाई भाषांतराने केली.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडे पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम 498अ, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 आहे, ते नवरा आणि नवऱ्याचे नातेवाईक यांना लागू होतं. नणंद नवऱ्याची नातेवाईक आहे. जाऊ लग्नामुळे त्याच्या घरची आहे. पण भावजय ही या बाईच्या स्वतःच्या भावाची बायको, माहेरची. ती त्या कलमाखाली आरोपी होऊच शकत नाही. इथे ती साक्षीदार आहे. म्हणजे त्या एका इंग्रजी शब्दात आरोपी आणि साक्षीदार एकत्र झाल्या.

आता नेमकं भाषांतर करू. रीत अशी : आधी विचारायचं, हे नातं कुणाचं? इथे बोलणाऱ्या बाईचं. मग वाट एकेक पाऊल मांडायची. नणंद : 'माय हजबंड्स सिस्टर'. दीर : 'माय हजबंड्स ब्रदर'. थोरली जाऊ : 'द वाइफ ऑफ माय हजबंड्स एल्डर ब्रदर'. भावजय : 'माय ब्रदर्स वाइफ'. पहिल्या उल्लेखाला वर्णन आणि सोबत नाव, पुढे फक्त नाव. म्हणजे वाक्यही जड होत नाही. मानववंशशास्त्राचे अभ्यासक हेच अक्षरांत लिहितात : नणंद HZ, दीर HB, जाऊ HBW, भावजय BW. बहिणीला Z, कारण S मुलासाठी राखलेलं आहे. टिपण काढताना ही खूण कागदाच्या कडेला लिहिली तर चूक लगेच दिसते. H ने सुरू होणारं नातं सासरचं, B ने सुरू होणारं माहेरचं.

पण वर्णन करतानाही माणूस चुकतो. तीन जागा सांगतो.

पहिली, 'थोरली'. थोरली जाऊ वयाने मोठी असेलच असं नाही. तिचा नवरा भावांमध्ये मोठा, म्हणून ती थोरली. ती तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहानही असू शकते. तेव्हा 'एल्डर सिस्टर-इन-लॉ' असं लिहिलं तर वय चुकीचं सांगितलं जातं. 'एल्डर' हा शब्द भावाला लावायचा, तिला नाही. म्हणूनच वर मी तो भावाच्या मागे ठेवला.

दुसरी जागा म्हणजे 'अ' आणि 'द'. मराठीत "नणंदेने उपाशी ठेवलं" एवढं म्हणता येतं, नणंदा किती ते सांगावं लागत नाही. बर्ट्रांड रसेलने 1905 सालच्या निबंधात दाखवलं की इंग्रजीत 'द' लावून वर्णन केलं की अशी व्यक्ती आहे आणि ती एकच आहे, हे दोन्ही आपण म्हणून बसतो. बाईला तीन नणंदा असतील आणि तुम्ही 'द सिस्टर ऑफ माय हजबंड' लिहिलंत, तर दोन नणंदा कागदावरून नाहीशा झाल्या, किंवा तिघींवर एकीचं बोट गेलं. अशा वेळी 'वन ऑफ माय हजबंड्स सिस्टर्स' म्हणायचं आणि नाव विचारून घ्यायचं. आपल्या उदाहरणातला दीरही तसाच. थोरल्या जावेचा नवराही दीरच. मध्ये पडला तो हाच की धाकटा? जबाबात ते नाही. भाषांतरकाराने अंदाज करायचा नाही, विचारायचं.

तिसरी जागा, हाक मारायचे शब्द. बाई नणंदेला 'वन्सं' म्हणते, दिराला 'भावोजी'. पण कित्येक घरांत बहिणीच्या नवऱ्यालाही भावोजीच म्हणतात. वहिनी तर शेजारच्याची बायकोही असते. हाकेवरून नातं ठरवायला गेलात तर फसाल. "भावोजी म्हणजे तुमचे कोण?" हे विचारलंच पाहिजे.

आणि आपल्या भाषेचा फार अभिमानही नको. 'मेहुणा' घ्या. बायकोचा भाऊही मेहुणा आणि बहिणीचा नवराही मेहुणा. इथे मराठीच दोन वाटा एका शब्दात घालते, ब्रदर-इन-लॉसारखीच. वर्णन करायला बसलं की हे लक्षात येतं, कारण वर्णनाला वाट सांगावीच लागते. नणंदेच्या नवऱ्यालाही बहुतेक घरांत आपण 'नणंदेचे यजमान' असंच म्हणतो. ते वर्णनच झालं की!

शेवटी, वर्णनात काय हरवतं? जावा एकमेकींच्या जावा असतात. मी तुझी जाऊ तर तू माझी जाऊ. नणंदेचं तसं नाही. ती माझी नणंद, तर मी तिची भावजय. नातं उलटं फिरवलं की नाव बदलतं, आणि मानही बदलतो. नणंद वयाने लहान असली तरी पूर्वी तिला 'अहो वन्सं' म्हणायचे आणि ती मात्र एकेरीत बोलायची. 'माय हजबंड्स सिस्टर' ही जागा अगदी बरोबर दाखवतं, पण त्या जागेवर कुणी कुणापुढे वाकायचं, ते दाखवत नाही. कादंबरीचं भाषांतर करत असाल तर तिथे एकदा वर्णन देऊन पुढे 'नणंद' हाच शब्द ठेवावा, मान वाक्यांमधून कळू द्यावा. जबाबात मात्र तसं चालणार नाही. तिथे मान कळला नाही तरी चालेल, माणूस कळला पाहिजे.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नणंदेला इंग्रजीत शब्द नाही, वाट आहे. ती पूर्ण सांगायची. आता पुढचा प्रश्न घेऊ. विहीणबाईंबद्दल कुणीतरी विचारणार, हे मला माहीत आहे.