जुन्या लेखाचं शीर्षक बदलायचंय, पण गुगलवरची जागा गमवायची नाही? मग आधी हे पाहा

समजा, एका मराठी ब्लॉगवर २०१९ मध्ये एक लेख आला: 'सातबारा उतारा ऑनलाइन कसा पाहावा? २०१९ मधील संपूर्ण माहिती'. लेख चालला. गुगलवर सातबारा शोधणाऱ्यांना तो पहिल्या पानावर दिसू लागला आणि आजही दिसतो. पण आता शीर्षकातलं '२०१९' डोळ्यात खुपतंय. वाचकाला वाटतं, माहिती शिळी आहे, आणि तो खालच्या लिंकवर जातो. ब्लॉग चालवणारी मंडळी लेख अद्ययावत करायला बसतात, मजकूर सुधारतात आणि शेवटी झोकदार शीर्षक देतात: 'जमिनीची कुंडली आता तुमच्या हातात!'

फेसबुकवर हे शीर्षक कदाचित चालेलही. पण महिन्याभरात गुगलवरून येणारे वाचक निम्म्यावर आले, तर नवल वाटायला नको. 'जमिनीची कुंडली' असं गुगलवर टाईप करणारा माणूस शोधूनही सापडणार नाही. लोक शोधतात 'सातबारा', आणि तोच शब्द शीर्षकातून गेला.

शीर्षक एक नसतं

वाचकाला जे एकच शीर्षक वाटतं, ते पानाच्या आत किमान तीन ठिकाणी असतं. पहिलं `<title>`, म्हणजे ब्राऊझरच्या टॅबवर दिसणारं. गुगलच्या निकालातली निळी ओळ प्रामुख्याने इथूनच येते. दुसरं पानावर मोठ्या अक्षरांत दिसणारं, म्हणजे `<h1>`. तिसरं `og:title`. लिंक व्हॉट्सअ‍ॅप किंवा फेसबुकवर टाकली की तिच्या कार्डावर हे दिसतं.

```html
<title>सातबारा उतारा ऑनलाइन कसा पाहावा?</title>
<meta property="og:title" content="सातबारा घरबसल्या पाहा">
<h1>सातबारा उतारा ऑनलाइन कसा पाहावा?</h1>
```

वर्डप्रेसवर योस्ट किंवा रँक मॅथसारखं प्लगइन असेल, तर ही तिन्ही शीर्षकं वेगवेगळी भरता येतात. म्हणजे झोकदार शीर्षकाची हौस `og:title` मध्ये भागवता येते आणि `<title>` मध्ये लोक शोधतात ते साधे शब्द राहू देता येतात. मात्र तिन्हींचा सूर फार वेगळा नको. गुगल दर वेळी `<title>` जसंच्या तसं दाखवत नाही. पानावरचं मोठं शीर्षक, `og:title`, इतकंच काय, दुसऱ्या पानांवरून आलेल्या लिंकचे शब्द उचलूनही ते स्वतःची ओळ तयार करतं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये गुगलने सांगितलं होतं की, साधारण ८७ टक्के वेळा `<title>` वापरलं जातं. उरलेल्या वेळी गुगल आपलं डोकं चालवतं. `<title>` मध्ये जुनं वर्ष आणि पानावर नवं वर्ष, अशी विसंगती हे तर त्याचं नेहमीचं कारण.

चौथी गोष्ट पत्ता, म्हणजे यूआरएल. हे शीर्षक नाही, पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मराठी शीर्षकावरून तयार झालेला पत्ता कुरूप दिसतो. ब्लॉगरवर तो नुसता `blog-post_12.html` असा होतो. वर्डप्रेसवर देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होतं आणि दोनशे अक्षरांची मर्यादा असल्याने पत्ता मध्येच तुटतो. त्यामुळे शीर्षकाबरोबर पत्ताही 'नीट' करण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. इतर साइटनी दिलेल्या लिंक, लोकांनी ग्रुपवर टाकलेल्या लिंक, सगळं त्या जुन्या पत्त्याशी बांधलेलं आहे. एकदा प्रकाशित झालेल्या लेखाचं शीर्षक बदललं म्हणून वर्डप्रेस किंवा ब्लॉगर आपणहून पत्ता बदलत नाहीत. बदलतो तो माणूस. बदलणं भागच असेल, तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं, म्हणजे ३०१ प्रकारचं रीडायरेक्ट हवं आणि ते खरोखर चालतंय हे जुनी लिंक उघडून तपासायला हवं.

कोणता शब्द पोट भरतो?

शीर्षकाला हात लावण्याआधीचं खरं काम गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये आहे. ते मोफत आहे आणि मागच्या १६ महिन्यांची आकडेवारी दाखवतं. परफॉर्मन्स अहवालात त्या एका लेखाचा पत्ता निवडायचा आणि क्वेरीजची यादी उघडायची. लोकांनी नेमकं काय टाईप केलं, लेख किती वेळा दिसला, किती जणांनी क्लिक केलं आणि तो सरासरी कितव्या जागेवर होता, हे समोर येतं. फार कमी जणांनी टाईप केलेले शब्द गोपनीयतेसाठी यादीत दाखवले जात नाहीत, त्यामुळे बेरीज जुळत नाही. त्याने घाबरायचं कारण नाही.

आपल्या उदाहरणात २८ दिवसांची यादी अशी निघाली, असं धरू. 'सातबारा उतारा ऑनलाइन' या शोधात लेख ९,००० वेळा दिसला, ३६० क्लिक मिळाले, सरासरी जागा चौथी. 'सातबारा मोबाईलवर कसा पाहायचा' यात ३,००० वेळा दिसला, क्लिक फक्त ४५, जागा सहावी. 'डिजिटल सही सातबारा डाउनलोड' यात २,००० वेळा दिसला, क्लिक १०, जागा अठरावी.

पहिल्या ओळीने लेखाचं पोट भरतंय. 'सातबारा', 'उतारा' आणि 'ऑनलाइन' या तीन शब्दांना हात लावायचा नाही, आणि शक्यतो ते सुरुवातीलाच ठेवायचे. मोबाईलवर लांब शीर्षक शेवटाकडून कापलं जातं. दुसरी ओळ संधी आहे. लेख दिसतोय, पण शीर्षकात 'मोबाईल' नाही म्हणून हजारातले पंधराच लोक क्लिक करताहेत. लेखात मोबाईलवरची कृती खरोखर असेल, किंवा या फेरीत ती लिहिली जाणार असेल, तर हा शब्द शीर्षकात यायला हवा.

तिसरी ओळ मात्र सापळा आहे. 'डाउनलोड' शीर्षकात घातलं तर आणखी लोक येतील, असं वाटतं. पण सातबारा पाहणं आणि काढणं या दोन वेगळ्या गरजा आहेत. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव आणि गट क्रमांक टाकून दिसणारा विनासहीचा उतारा माहितीपुरता असतो. सरकारी कामाला तो चालत नाही. त्यासाठी डिजिटल सहीचा उतारा वेगळ्या ठिकाणी लॉगिन करून, शुल्क भरून घ्यावा लागतो. ज्याला बँकेत कागद द्यायचा आहे, त्याला फक्त पाहण्याची कृती सांगणारा लेख उपयोगाचा नाही. तो दहा सेकंदांत मागे फिरेल आणि परत त्या ब्लॉगवर यायचा नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र लेख हवा.

आणि तो स्वतंत्र लेख ब्लॉगवर आधीच असेल, तर धोका आणखी वाढतो. शीर्षक 'सातबारा कसा पाहावा, काढावा, डाउनलोड करावा' असं फुगवलं की स्वतःचेच दोन लेख एकमेकांसमोर उभे राहतात. हे ओळखायची सोपी रीत आहे. सर्च कन्सोलमध्ये आधी तो शोधशब्द निवडायचा आणि मग पेजेसची यादी पाहायची. एकाच शब्दावर दोन पत्ते आलटून पालटून दिसत असतील, तर भांडण घरातच आहे.

या सगळ्यातून निघणारं नवं शीर्षक अगदीच साधं आहे: 'सातबारा उतारा ऑनलाइन कसा पाहावा? मोबाईलवरची सोपी पद्धत'. वर्ष गेलं, 'संपूर्ण माहिती' हे भरताड गेलं, कमाई करणारे शब्द जागेवर राहिले आणि एक नवा शब्द आला. '२०१९' खोडून चालू वर्ष लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण मग दर जानेवारीत लेख खरोखर तपासण्याचं व्रत घ्यावं लागतं. मजकूर तोच ठेवून नुसतं वर्ष किंवा तारीख बदलण्याने लेख ताजा होत नाही. साइटवरचा पर्याय बदललेला असतो आणि वाचकाला ते पहिल्याच पायरीवर कळतं.

बदलल्यानंतर

मजकूर, शीर्षक, फोटो, लिंक हे सगळं एकाच दिवशी बदललं, तर पुढे आकडे खाली आले तरी कशामुळे ते कळत नाही. म्हणून आधी मजकूर सुधारावा, दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग शीर्षक बदलावं. जुनं शीर्षक, नवं शीर्षक, तारीख आणि त्या दिवसाचे आकडे एका साध्या एक्सेल शीटमध्ये लिहून ठेवावेत. हे कंटाळवाणं काम बहुतेक जण टाळतात आणि दोन महिन्यांनी जुनं शीर्षक नेमकं काय होतं, हेच कुणाला आठवत नाही.

बदल झाला की सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमधून लेख पुन्हा वाचण्याची विनंती करता येते. गुगलने पान पुन्हा वाचेपर्यंत निकालात जुनंच शीर्षक दिसत राहतं. फेसबुकचंही तसंच. तिथे जुनं कार्ड साठवलेलं असतं आणि शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून ते ताजं करावं लागतं.

पहिल्या आठवड्यात जागा थोडी वरखाली होते. तिसऱ्या दिवशी घाबरून जुनं शीर्षक परत लावणं ही दुसरी मोठी चूक. गुगलने नवं शीर्षक वाचल्यानंतरचे पूर्ण २८ दिवस आणि बदलाआधीचे २८ दिवस शेजारी ठेवून पाहावेत. सातबाऱ्यासारख्या विषयात तेवढंही पुरत नाही. पीककर्जाच्या दिवसांत शोध वाढतात, नंतर ओसरतात. त्यामुळे मागच्या वर्षीचे तेच आठवडेही पाहावे लागतात.

आकडे वाचताना जागा आणि क्लिक यांची गल्लत होऊ नये. जागा चौथीच राहिली आणि क्लिक कमी झाले, तर गुगलची तक्रार नाही. वाचकाला नवी ओळ आवडलेली नाही, किंवा गुगल तिथे वेगळंच काही दाखवतंय. अशा वेळी स्वतः शोधून ती ओळ डोळ्यांनी पाहावी. जागा चौथीवरून नवव्यावर गेली, तर आधी कोणत्या शोधशब्दावर गेली ते पाहावं. तो शब्द शीर्षकातून काढलेला असेल, तर परत आणावा. काढलेला नसेल आणि ब्लॉगवरचे इतर लेखही त्याच आठवड्यात घसरले असतील, तर कारण शीर्षकात नाही. जुनं शीर्षक परत लावल्याने ती घसरण भरून येणार नाही.