‘व्हार’चा आकडा आणि त्याच्या पलीकडचा तोटा

व्हॅल्यू ॲट रिस्क, थोडक्यात ‘व्हार’, हा गुंतवणुकीतल्या जोखमीचा रुपयांत मांडलेला अंदाज असतो. समजा, दहा लाख रुपयांच्या एका पोर्टफोलिओचा एका दिवसाचा, ९५ टक्के पातळीवरचा व्हार १६,५०० रुपये आहे. याचा अर्थ असा, की त्यात काहीही खरेदी-विक्री केली नाही, तर शंभरपैकी सुमारे ९५ दिवस दिवसभराचा तोटा १६,५०० रुपयांच्या आत राहील किंवा फायदाच होईल आणि सुमारे पाच दिवस तोटा त्याच्या वर जाईल. रक्कम, मुदत आणि टक्केवारी या तिन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय व्हारला अर्थ नसतो. जे. पी. मॉर्गन या अमेरिकी बँकेने १९९४ साली ‘रिस्कमेट्रिक्स’ नावाने आपली पद्धत जाहीर केली आणि या मोजमापाचा प्रसार झाला. एक दिवस आणि ९५ टक्के ही जोडी त्याच पद्धतीतली.

आकडा काढण्याचा एक सरळ मार्ग मागच्या भावांचा आहे. गेल्या ५०० कामकाजी दिवसांत प्रत्येक शेअरचा भाव रोज किती टक्के हलला, हे घ्यायचे आणि ते बदल आजच्या पोर्टफोलिओला लावायचे. त्या काळात गुंतवणूकदाराकडे प्रत्यक्षात कोणते शेअर होते, याचा इथे संबंध नसतो. आज हाती आहे तो माल त्या प्रत्येक दिवशी असता तर काय झाले असते, एवढेच पाहायचे असते. अशा ५०० काल्पनिक नफ्या-तोट्यांची सर्वांत मोठ्या तोट्यापासून यादी लावली, की ५०० चे पाच टक्के म्हणजे पंचविसाव्या क्रमांकाचा तोटा हाच ९५ टक्के व्हार. काही ठिकाणी सव्विसावा घेतात, पण त्याने फारसा फरक पडत नाही.

दुसऱ्या मार्गात यादी लागत नाही. रोजचे चढउतार सरासरीभोवती घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरलेले आहेत, असे मानतात आणि त्यांच्या प्रमाण विचलनाला सुमारे १.६५ ने गुणतात. विचलन एक टक्का असेल, तर दहा लाखांवर १६,५०० रुपये येतात. हिशेब झटपट होतो. मात्र सगळा भार त्या घंटेच्या आकारावर पडतो.

या आकड्याबद्दलचा सर्वांत रुळलेला गैरसमज म्हणजे ‘जास्तीत जास्त एवढेच जाईल’. वर्षात साधारण २५० कामकाजी दिवस धरले, तर त्यांपैकी बारा-तेरा दिवशी तोटा व्हारच्या वर जाणेच अपेक्षित आहे. दिवस एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर वीस कामकाजी दिवसांच्या महिन्यात एकदा तरी मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. म्हणजे ही घटना अपवादात्मक नाही. मर्यादा ओलांडली गेली, एवढ्यावरून मोजणी चुकली असेही म्हणता येत नाही.

ओलांडल्यावर तोटा किती होईल, याबाबत मात्र आकडा गप्प असतो. दोन पोर्टफोलिओ घ्या. पहिल्यात बऱ्याच कंपन्यांचे शेअर आहेत. दुसऱ्यात ऑप्शन विकून प्रीमियम मिळवला जातो. बाजार शांत असेपर्यंत थोडे थोडे पैसे येत राहतात, पण भाव एकदम कोसळला की मोठी रक्कम द्यावी लागते. दोघांच्या यादीत पंचविसावा तोटा १६,५०० रुपयेच आहे, असे समजा. पहिल्याच्या वरच्या पंचवीस तोट्यांची सरासरी २१,००० रुपये, तर दुसऱ्याची ६२,००० रुपये निघते. व्हार दोघांनाही सारखेच धोकादायक ठरवतो, कारण तो पंचविसाव्या क्रमांकावर थांबतो. त्याच्या वरच्या चोवीस रकमा बदलल्या, तरी तो तसूभरही हलत नाही. म्हणून या शेपटाची सरासरीही शेजारी मांडतात. तिला एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल म्हणतात. बँकांच्या बाजारजोखमीसाठीच्या नव्या बाझल नियमांत व्हारच्या जागी हेच माप घेतले आहे, तेही ९७.५ टक्के पातळीवर.

शेपूट किती लांब असू शकते, ते २३ मार्च २०२० रोजी दिसले. करोनाच्या धास्तीने निफ्टी त्या एका दिवसात सुमारे १३ टक्के घसरला. निफ्टीच्या प्रमाणात गुंतवलेल्या दहा लाखांचा त्या दिवशीचा तोटा सुमारे एक लाख तीस हजार रुपये होतो, म्हणजे १६,५०० च्या जवळपास आठपट. एक टक्का विचलन धरणाऱ्या घंटेच्या गणितात एवढी घसरण व्यवहारात अशक्यच ठरते. शेअरच्या भावांत टोकाच्या हालचाली त्या वक्राच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा होतात, हे त्या पद्धतीचे मूळ दुखणे आहे.

५०० दिवसांच्या यादीचे दुखणे वेगळे. बाजार बिघडल्यावर चार भयंकर दिवस यादीच्या शेंड्यावर येऊन बसले, तरी आधीचा एकविसावा तोटा पंचविसावा होतो, एवढेच. धोका कितीतरी वाढलेला असताना व्हार जेमतेम सरकतो. पुढे दोन वर्षांनी तेच दिवस खिडकीबाहेर पडतात आणि बाजारात काहीही न बदलता आकडा उतरतो. यावर उतारा म्हणून रिस्कमेट्रिक्सच्या पद्धतीत अलीकडच्या दिवसांना जास्त वजन दिले होते. त्याने आकडा लवकर वर जातो. पण पहिल्या धक्क्याची आगाऊ सूचना त्यातूनही मिळत नाही.

मुदतीचीही मर्यादा आहे. एका दिवसाच्या व्हारला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.१६ ने गुणून दहा दिवसांचा आकडा काढण्याची पद्धत आहे. एका दिवसाची घसरण दुसऱ्या दिवशीच्या घसरणीशी जोडलेली नाही, असे त्यात गृहीत असते. पडत्या बाजारात नेमके तेच खरे नसते. शिवाय, ज्या शेअरला दिवसभर गिऱ्हाईकच मिळत नाही, त्यातून एका दिवसात बाहेर पडता येत नाही. त्याचा एका दिवसाचा व्हार कागदावर छोटा दिसला, तरी तोटा कित्येक दिवस वाढत राहू शकतो.

पद्धत भरवशाची आहे की नाही, हे मागे वळून तपासता येते. रोजचा व्हार आणि दुसऱ्या दिवशीचा नफा-तोटा शेजारी लिहीत गेल्यास २५० दिवसांत साधारण सहा ते एकोणीस उल्लंघने योगायोगाने होऊ शकतात. तीस झाली, तर जोखीम कमी मोजली जात आहे; एखादेच झाले, तर ती फुगवून मोजली जात आहे. नुसती संख्या पाहून मात्र भागत नाही. वर्षभरात बाराच उल्लंघने झाली, पण त्यांतली आठ एकाच महिन्यात आली, तर एकूण मोजणी बरोबर असूनही बदलत्या बाजाराची दखल पद्धत घेत नाही, असा निष्कर्ष निघतो.

भारतातल्या शेअर बाजारांच्या रोख व्यवहारांत हीच मर्यादा मार्जिनच्या रचनेतच मान्य केलेली आहे. दलालांकडून घेतले जाणारे ‘व्हार मार्जिन’ ९९ टक्के दिवसांचा तोटा भागावा अशा बेताने ठरवले जाते. त्याच्या जोडीला ‘एक्स्ट्रीम लॉस मार्जिन’ नावाची वेगळी रक्कम घेतली जाते, ती व्हारच्या कक्षेबाहेर जाणाऱ्या तोट्यासाठी.