‘पाऊस’ कुठे बसवायचा?

वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवणाऱ्याला आडव्या-उभ्या शब्दांच्या शोधसूत्रांची सवय असते. ‘कोकणातील एक फळ, तीन अक्षरी’ असे काही वाचायचे, शब्द आठवायचा आणि घरे भरायची. या कोड्याच्या एका भावंडात मात्र शोधसूत्रे नसतातच. चौकट रिकामी असते आणि तिच्या शेजारी सगळी उत्तरे सरळ छापलेली असतात. कोणता शब्द कुठे जातो, एवढेच शोधायचे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, उत्तरे हातात दिल्यावर सोडवायचे काय राहिले? पेन्सिल घेऊन बसले की पाचेक मिनिटांत ते कळते.

एक छोटे कोडे घेऊ. यादीत सात शब्द आहेत: सफरचंद, मदतनीस, कणीस, कमान, नगर, पाऊस, पालक. आता चौकट डोळ्यांपुढे आणायची, किंवा चौकड्यांच्या वहीत काढलीत तर आणखी सोपे. मध्यभागी पाच घरांची एक उभी रांग आहे. तिच्या तळाच्या घरातून पाच घरांची आडवी रांग जाते आणि ते घर या आडव्या रांगेतले दुसरे असते. उभ्या रांगेच्या डावीकडे तीन-तीन घरांच्या तीन रांगा आहेत. एक वरची आडवी, ती उभ्या रांगेच्या पहिल्या घरात संपते. एक खालची आडवी, ती तिसऱ्या घरात संपते. या दोन्ही आडव्या रांगांची पहिली घरे जोडणारी तिसरी रांग उभी आहे. राहिल्या दोन रांगा उजव्या अंगाला. तळाच्या आडव्या रांगेच्या शेवटच्या घरात वरून येऊन संपणारी तीन घरांची एक उभी, आणि तिच्या माथ्यावरून उजवीकडे निघणारी तीन घरांची एक आडवी.

कोड्याला हात घालण्याआधी घरे मोजण्याचे काम नीट करावे लागते आणि मराठीत पहिली चूक तिथेच होते. एका घरात एक अक्षर बसते, पण त्याच्या काना-मात्रा-वेलांटीसकट आणि अनुस्वारासकट. म्हणून ‘सफरचंद’ची घरे पाच: स, फ, र, चं, द. अनुस्वाराला वेगळे घर नाही. जोडाक्षरही एकाच घरात जाते, त्यामुळे ‘महाराष्ट्र’ चारच घरांत मावतो आणि शेवटचे घर ‘ष्ट्र’ला मिळते. रोमन लिपीत हाच शब्द अकरा घरे अडवतो. हा फरक नुसता लांबीचा नाही. दोन शब्द एकमेकांना छेदतात तिथे मराठीत मात्राही जुळावी लागते. ‘नगर’चा ‘न’ आणि ‘नाशिक’चा ‘ना’ एका घरात येऊ शकत नाहीत. त्यामुळे मराठी चौकट रचणाऱ्याला जास्त घाम गाळावा लागतो. सोडवणाऱ्याचा मात्र फायदा होतो, कारण छेदाच्या एका घरातून त्याला रोमन अक्षरापेक्षा जास्त माहिती मिळते.

आता सोडवायला घेऊ. नुसत्या लांबीवरून पाहिले, तर पाच अक्षरी दोन शब्द दोन तऱ्हांनी आणि तीन अक्षरी पाच शब्द १२० तऱ्हांनी मांडता येतात, म्हणजे एकूण २४० मांडण्या. त्या एकेक करून पाहायची गरज नाही. ज्या लांबीचे शब्द सर्वांत कमी तिथून सुरुवात करायची. पाच अक्षरी शब्द दोनच आहेत आणि त्यांच्या रांगा एका घरात भेटतात. ते घर उभ्या शब्दाचे पाचवे, आडव्याचे दुसरे. ‘सफरचंद’ उभा धरला तर पाचवे अक्षर ‘द’, आणि ‘मदतनीस’चे दुसरेही ‘द’. उलट केले तर ‘मदतनीस’चा शेवटचा ‘स’ आणि ‘सफरचंद’चा ‘फ’ एका घरात येतात, म्हणजे ती वाट बंद. दोन शब्द पक्के झाले.

इथून पुढे खरा सापळा आहे. वरची आडवी रांग ‘सफरचंद’च्या ‘स’वर संपते. उजवीकडची उभी रांग ‘मदतनीस’च्या ‘स’वर संपते. यादीत ‘स’ने संपणारे तीन अक्षरी शब्द दोन: कणीस आणि पाऊस. कोणता कुठे? समजा, घाईने वर ‘पाऊस’ लिहिला. डावीकडच्या उभ्या रांगेला ‘पा’ने सुरू होणारा शब्द हवा, आणि ‘पालक’ तयारच आहे. उजवीकडे ‘कणीस’ उतरला, त्याच्या माथ्यावरच्या ‘क’पासून आडवा ‘कमान’ही बसला. सहा शब्द भरून झाले, प्रत्येक छेद जुळला. मग उरलेल्या खालच्या आडव्या रांगेत ‘नगर’ लिहायला जावे, तर पहिल्या घरात ‘पालक’चा ‘क’ बसलेला.

चूक झाली पहिल्या पावलाला आणि दिसली शेवटच्या शब्दाला. या कोड्यात असेच होते. चूक जिथे कळते तिथे ती बहुधा नसते. म्हणून सरावलेला माणूस पक्का शब्द ठळक लिहितो आणि अंदाजाचा शब्द हलक्या हाताने. अडले की हलके लिहिलेले तेवढेच पुसायचे, आणि तेही जिथून अंदाज सुरू केला त्या शब्दापर्यंत. सगळी चौकट खोडणाऱ्याचे पक्के शब्दही त्या भरात हातचे जातात.

खरे तर इथे अंदाज करण्याची गरजच नव्हती. दोन शब्द जिथे बसू शकतात ती जागा सोडून एकच शब्द बसेल अशी जागा आधी हुडकायची. खालची आडवी रांग ‘सफरचंद’च्या ‘र’वर संपते आणि तीन अक्षरी शब्दांत ‘र’ने संपणारा एकटा ‘नगर’ आहे. तो लिहिला की डावीकडच्या उभ्या रांगेच्या शेवटी ‘न’ आला, म्हणजे तिथे ‘कमान’. तिच्या ‘क’ने वरची रांग ठरली: ‘कणीस’. ‘पाऊस’ उजवीकडे गेला आणि त्याच्या ‘पा’पासून ‘पालक’ निघाला. एकही अक्षर खोडावे लागले नाही.

सात शब्दांना हे जमते, मोठ्या चौकटीत दर वेळी जमेलच असे नाही. मायकेल गॅरी आणि डेव्हिड जॉन्सन यांनी १९७९मध्ये संगणकाला अवघड जाणाऱ्या प्रश्नांचे एक गाजलेले पुस्तक लिहिले. दिलेल्या शब्दांनी दिलेली चौकट भरता येईल का, हा प्रश्न त्या पुस्तकातल्या यादीत आहे. भरलेली चौकट बरोबर आहे की नाही हे झटकन तपासता येते, पण कितीही मोठी चौकट हमखास लवकर भरून देणारी युक्ती आजवर कुणाला सापडलेली नाही. अशा वेळी अंदाज करून पाहावाच लागतो.

रचणाऱ्यापुढचा पेच निराळाच असतो. वरच्या कोड्यातून ‘चंद’ छाटून ‘सफर’ एवढाच ठेवला आणि डावीकडचा चौकोनच उरवला, तर कणीस, कमान, सफर, नगर हे चार शब्द एका पोकळ चौरसाच्या चार बाजू होतात. वर ‘कणीस’ आणि डावीकडे ‘कमान’ लिहिले तरी जुळते, वर ‘कमान’ आणि डावीकडे ‘कणीस’ लिहिले तरी जुळते. चौकट कर्णावर दुमडल्यासारखी आडवे ते उभे होते आणि उत्तरे दोन निघतात. सोडवणारा कितीही हुशार असला तरी यातले एक उत्तर निवडायला त्याच्याकडे काहीच आधार नसतो. म्हणून अशा चौकटीत एखादा शब्द किंवा एखादे अक्षर आधीच छापून देतात. शब्द छापून देण्याची ही चाल शब्दकोड्यांत जुनी आहे. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात पहिले शब्दकोडे दिले. त्याला शोधसूत्रे होती, तरीही हिऱ्याच्या आकाराच्या त्या चौकटीत वरच्या बाजूला ‘फन’ हा तीन इंग्रजी अक्षरांचा शब्द त्यांनी स्वतःच भरून ठेवला होता.