पाठवले 5,000 युरो, पोहोचले 4,975!

पुण्याच्या एका कारखान्याने जर्मन पुरवठादाराला 5,000 युरो पाठवले, असं धरू. चार दिवसांनी मेल येतो: ‘4,975च मिळाले, 25 बाकी.’

अशा वेळी आधी आपल्या बँकेकडे रेमिटन्स अ‍ॅडव्हाइस आणि स्विफ्ट संदेशाची प्रत मागावी. तीत पाठवलेली रक्कम, व्यवहाराचा यूईटीआर क्रमांक आणि शुल्क कोणाकडे, हे दिसतं. OUR म्हणजे सगळं शुल्क पाठवणाऱ्याचं, BEN म्हणजे घेणाऱ्याचं. SHA असेल तर आपल्या बँकेचं शुल्क आपण भरतो आणि वाटेतल्या बँका आपलं शुल्क रकमेतूनच कापतात.

मात्र आपल्या प्रतीत फक्त निघतानाची रक्कम असते. वाटेतली कपात तिच्यात नसते. म्हणून पुरवठादाराकडून त्याच्या बँकेची जमापावतीही मागवावी. समजा, तीत 18 युरो मधल्या बँकेने आणि 7 त्याच्या बँकेने कापलेले दिसले. करारात ‘पूर्ण रक्कम पोहोचावी’ असं लिहिलं असेल, तर 25 युरो आपणच द्यायचे. नसेल तर बोलून ठरवायचं.

रुपयातला फरक वेगळा. बिल 90 रुपये दराने नोंदवलं आणि पैसे 91 ने गेले, तर 5,000 रुपयांचा विनिमय तोटा आपल्या वहीत लिहायचा. त्याचा या 25 युरोंशी संबंध नाही. दोन्ही एकत्र केले, तर हिशेब कधीच जुळत नाही.